कर्नलच्या दाराची दोन कुलपं: लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर का अडतो, याचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा इतिहासाचा विषय कुठला, हा तर दुरुस्तीचा विषय. पण मी असं म्हणेन की ही दुरुस्ती इतिहास समजल्याशिवाय करता येत नाही. लिनक्सच्या संगणकात एन्व्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे. काल सगळं छान चालत होतं. रात्री अपडेट झालं, सकाळी यंत्र सुरू केलं, तर पडद्यावरची अक्षरं मोठी आणि धूसर, दुसरा मॉनिटर काळा. टर्मिनल उघडून `nvidia-smi` लिहिलं, तर उत्तर येतं की ड्रायव्हरशी बोलणंच होत नाही. कार्ड तेच, तार तीच. मग रात्रीत बिघडलं काय?

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. ड्रायव्हर कर्नलच्या दाराशी उभा असतो आणि त्याला आत घेतलेलं नसतं. त्या दाराला दोन कुलपं आहेत. ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी लावली. पहिलं कुलूप आवृत्तीचं, दुसरं सहीचं. लोक गोंधळतात ते याच ठिकाणी. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावत बसतात, आणि शेवटी वैतागून सगळी यंत्रणाच नव्याने टाकतात.

आधी पहिलं कुलूप. ड्रायव्हर म्हणजे एक वस्तू नव्हे, दोन तुकडे असतात. एक तुकडा तुमच्या ब्राउझरसारखाच साध्या प्रोग्रॅमच्या जगात राहतो. तो चित्र कसं काढायचं ते जाणतो. दुसरा तुकडा म्हणजे मॉड्यूल. ते थेट कर्नलच्या पोटात जातं, कर्नलच्याच अधिकाराने चालतं, आणि कार्डाच्या मेमरीला हात लावतं. अडतं ते हे मॉड्यूल.

मॉड्यूलला कर्नलच्या आतल्या फंक्शनांची गरज लागते. मेमरी मागायची, कुलूप लावायचं, पान खरं आहे का विचारायचं. ही आतली फंक्शनं लिनक्समध्ये कायमची ठरलेली नसतात. आज ज्याचं एक नाव आहे, त्याचं सहा महिन्यांनी दुसरं असेल, किंवा ते नसेलच. बाहेरून पाहणाऱ्याला हा बेशिस्तपणा वाटतो. विंडोजवर एकच ड्रायव्हर अनेक अपडेटांतून तसाच चालत राहतो, मग इथे का नाही?

याचं उत्तर कर्नलच्या स्रोतातच लिहून ठेवलेलं आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन हे कर्नलचे एक प्रमुख देखभालकर्ते. त्यांचा `stable-api-nonsense` नावाचा एक दस्तऐवज कर्नलच्या स्रोतासोबतच मिळतो. नावातच त्यांचं मत आलं. त्यांचा मुद्दा साधा आहे. प्रोग्रॅमांना दिसणारा बाहेरचा करार आम्ही मोडत नाही. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजही चालावा, ही आमची जबाबदारी. पण आतली रचना आम्ही हवी तेव्हा बदलणार, कारण तसं केलं नाही तर जुन्या चुका जन्मभर सांभाळाव्या लागतात. तुमचा ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य स्रोतात द्या. मग आतलं फंक्शन बदलणारा माणूसच तुमच्या ड्रायव्हरमध्येही ती दुरुस्ती करेल.

आता बघा, हा सौदा इंटेलने स्वीकारला, एएमडीने पुढे स्वीकारला. म्हणून त्यांची कार्डं अपडेटनंतर सहसा अशी अडत नाहीत. त्यांचा ड्रायव्हर कर्नलसोबतच बांधला जातो, कर्नलसोबतच येतो. एन्व्हिडियाने मात्र स्वतःचा ड्रायव्हर मुख्य स्रोताबाहेर आणि बंद ठेवला. मग त्यांनी काय युक्ती केली? मूळ गाभा बंद, आधीच बांधलेला. त्याच्याभोवती उघड्या सी भाषेतलं एक पातळ कवच. हे कवच तुमच्या यंत्रावर, तुमच्या कर्नलच्या हेडर फाइली घेऊन बांधायचं. कर्नलच्या आत काही बदललं, तर कवच बदलायचं, गाभा तसाच ठेवायचा.

म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधायला हवं. हे हाताने कोण करणार? २००३ च्या सुमाराला डेल कंपनीच्या अभियंत्यांनी यासाठी एक साधन लिहिलं, डीकेएमएस. ड्रायव्हरचा स्रोत यंत्रावर ठेवून द्यायचा, आणि नवा कर्नल आला की डीकेएमएसने आपोआप त्याच्यासाठी मॉड्यूल बांधायचं. आज उबुंटू असो, डेबियन असो, तुम्ही ड्रायव्हरचं पॅकेज टाकता तेव्हा मागे बहुधा हेच चालतं.

हे बांधकाम चुकण्याची एक अगदी घरगुती वाट आहे. नवा कर्नल आला, पण त्याच्या हेडर फाइलींचं पॅकेज आलंच नाही. मग डीकेएमएसला बांधायला नकाशाच मिळत नाही. तो तसं सांगतो आणि थांबतो. डेबियनवर `linux-headers-amd64` हे पॅकेज असेल, तर प्रत्येक नव्या कर्नलसोबत त्याच्या हेडर फाइली येत राहतात. इतकं साधं कारण, पण ते आधी तपासून घ्यावं.

दुसरी वाट जास्त बोधक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेबियन १२ ची पाचवी सुधारित आवृत्ती, १२.५, आली. डेबियनची स्थिर शाखा म्हणजे अत्यंत सावध मंडळी. वर्षानुवर्षं तोच कर्नल, फक्त दुरुस्त्या घेऊन. कर्नल ६.१ चाच होता, पण ६.१.७६ पर्यंत पुढे गेला. आणि एन्व्हिडियाचा ५२५ मालिकेतला ड्रायव्हर वापरणाऱ्यांच्या यंत्रावर अपडेट मध्येच आपटलं. डीकेएमएसच्या नोंदीत ही ओळ होती:

```
ERROR: modpost: GPL-incompatible module nvidia.ko uses GPL-only symbol '__rcu_read_lock'
```

ही ओळ नीट वाचली तर वीस वर्षांचा इतिहास त्यात आहे. कर्नल आपली काही फंक्शनं कुठल्याही मॉड्यूलला देतो, आणि काही फक्त जीपीएल परवान्याच्या मॉड्यूलला. २००१ च्या सुमारास ही दुसरी यादी सुरू झाली. कर्नलच्या लेखकांचं म्हणणं असं की ही फंक्शनं इतकी आतली आहेत, की ती वापरणारा कर्नलचाच भाग होतो, आणि मग त्याने परवानाही कर्नलचाच पाळावा. `__rcu_read_lock` त्या यादीत होतं.

पण एन्व्हिडियाने ते वापरलंच नव्हतं! इथे गंमत आहे. त्यांचं कवच `pfn_valid` नावाचं छोटं फंक्शन वापरत होतं. मेमरीच्या अमुक क्रमांकाच्या पानामागे खरोखर मेमरी आहे का, एवढंच ते सांगतं. त्याच्यावर कसलंही बंधन नव्हतं. कर्नलमध्ये एक दोष सापडला. मेमरीचा भाग काढून टाकला जात असताना त्याच क्षणी दुसऱ्याने हा प्रश्न विचारला, तर उत्तर देणारा आधीच मोकळ्या केलेल्या जागी हात घालू शकत होता. दुरुस्ती म्हणून `pfn_valid` च्या पोटात ते आतलं कुलूप घातलं. आणि `pfn_valid` हे हेडर फाइलीत लिहिलेलं, म्हणजे ज्याने ते वापरलं त्याच्या मॉड्यूलमध्येच त्याची प्रत उतरते. तेव्हा कुणी काही न बदलता, एन्व्हिडियाच्या मॉड्यूलमध्ये परवान्याने बंद असलेलं नाव येऊन बसलं. बांधकामाच्या शेवटच्या तपासणीत ते पकडलं गेलं.

कुणाची चूक? कर्नलने खरा दोष दुरुस्त केला. एन्व्हिडियाने परवानगी असलेलंच फंक्शन वापरलं. डेबियनने सुरक्षा दुरुस्त्या वेळेत दिल्या. तिघेही आपापल्या जागी बरोबर, आणि पडदा मात्र तुमचा काळा. ड्रायव्हरच्या देखभालकर्त्यांनी कवचात त्या फंक्शनची स्वतःची पर्यायी प्रत घालून पॅकेज दुरुस्त केलं, आणि ते काही दिवसांत आलं. तोवर काय करायचं होतं? सुरू होताना ग्रबच्या यादीत `Advanced options` मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडायचा. त्याचं मॉड्यूल आधीच बांधलेलं होतं, त्याला कुणी हात लावलेला नव्हता. म्हणून सांगतो, नवा कर्नल ड्रायव्हरसह एकदा नीट चालल्याशिवाय जुना काढून टाकू नये.

बांधकामच फसलं तर मॉड्यूल तयारच होत नाही, आणि `modprobe` सांगतो की या कर्नलच्या फोल्डरमध्ये असं मॉड्यूल सापडलं नाही. कधी दुसरं होतं. मॉड्यूल असतं, पण वेगळ्या कर्नलसाठी बांधलेलं, कुठून तरी नकलून आणलेलं. प्रत्येक मॉड्यूलच्या अंगावर कर्नलची आवृत्ती गोंदलेली असते, तिला `vermagic` म्हणतात. ती चालू कर्नलशी जुळली नाही तर `Exec format error` येतं. दोन्हीही पहिल्याच कुलपाची लक्षणं.

आता दुसरं कुलूप, सहीचं. हे लिनक्सवाल्यांनी लावलेलं नाही, निदान सुरुवात त्यांनी केली नाही. संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम जर दुष्ट असेल, तर नंतरचं कुठलंच अँटीव्हायरस त्याला पाहू शकत नाही. त्यावर उपाय म्हणून यूईएफआय या फर्मवेअरच्या मानकात सिक्युअर बूट आलं. फर्मवेअरमध्ये काही सार्वजनिक किल्ल्या ठेवायच्या, आणि त्यांतल्या एकीने सही केलेलाच प्रोग्रॅम सुरू होऊ द्यायचा. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विंडोज ८ चं बोधचिन्ह हवं असलेल्या नव्या यंत्रांवर हे सुरू असलंच पाहिजे. विंडोज ८ ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आलं.

लिनक्सच्या लोकांत घबराट उडाली, आणि ती अकारण नव्हती. फर्मवेअरमध्ये किल्ली कुणाची असणार? मायक्रोसॉफ्टची. मग लिनक्स सुरू कसं होणार? रेड हॅटमध्ये काम करणारे मॅथ्यू गॅरेट यांनी हा प्रश्न सार्वजनिकपणे मांडला आणि त्यावर एक तोडगाही उभा केला, त्याचं नाव शिम. शिम हा एक छोटासा प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्टची सही या छोट्या तुकड्यावर एकदा घ्यायची. शिमच्या पोटात वितरणाची, म्हणजे फेडोराची किंवा उबुंटूची, स्वतःची किल्ली. शिम पुढच्या ग्रबची आणि कर्नलची सही त्या किल्लीने तपासणार. म्हणजे प्रत्येक कर्नल अपडेटसाठी मायक्रोसॉफ्टच्या दारात जायला नको. उबुंटू १२.१० आणि जानेवारी २०१३ मधलं फेडोरा १८ हे सिक्युअर बूटसह सुरू होऊ लागले.

पण तुमच्या स्वतःच्या कर्नलचं काय? तुम्ही घरी बांधलेल्या मॉड्यूलचं काय? २०१२ मध्ये सुसेच्या अभियंत्यांनी यावर कल्पना मांडली: यंत्राच्या मालकाची किल्ली, इंग्रजी आद्याक्षरांवरून मॉक. शिमकडे स्वतःची एक यादी राहील, आणि यंत्रासमोर प्रत्यक्ष बसलेला माणूसच त्यात आपली किल्ली घालू शकेल. दूरवरून शिरलेला चोर नाही, कारण ते काम यंत्र सुरू होताना, कर्नल उठण्याआधी, कीबोर्डवरून करावं लागतं.

तिकडे कर्नलमध्येही डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीत मॉड्यूलवर सही करण्याची आणि ती तपासण्याची सोय आली. तर्क सरळ आहे. सुरुवातीचा प्रोग्रॅम तपासला, कर्नल तपासला, आणि मग कर्नलने कुठलंही बिनसहीचं मॉड्यूल पोटात घेतलं, तर आधीची सगळी तपासणी वाया. पण यावरून कर्नलच्या लोकांमध्येच मोठा वाद झाला. सिक्युअर बूट सुरू आहे म्हणून कर्नलने यंत्राच्या मालकाचेच हात बांधावेत का? लिनस टोरवाल्ड्स यांचा याला विरोध होता. त्यामुळे कर्नलला कुलूपबंद करणारं काम बरीच वर्षं मुख्य स्रोताबाहेर राहिलं, वितरणं ते आपापलं जोडत राहिली. शेवटी लॉकडाउन नावाने ते २०१९ च्या कर्नल ५.४ मध्ये आलं. उबुंटूने त्याआधीच, २०१६ च्या १६.०४ मध्ये, सिक्युअर बूट असताना बिनसहीची मॉड्यूलं नाकारायला सुरुवात केली होती. डीकेएमएसने यंत्रावर बांधलेल्या एन्व्हिडियाच्या मॉड्यूलवर वितरणाची सही नसणार हे उघड आहे. ती किल्ली वितरणाच्या तिजोरीत. मग ते मॉड्यूल दाराशीच अडलं.

या अडथळ्याचं लक्षण पहिल्यापेक्षा वेगळं. इथे बांधकाम यशस्वी झालेलं असतं, `dkms status` मध्ये `installed` लिहिलेलं असतं, मॉड्यूल जागेवर असतं. पण आत घालायला गेलं की उत्तर येतं `Key was rejected by service`. जुन्या कर्नलवर `Required key not available` किंवा कधी नुसतं `Operation not permitted`. यापैकी काही दिसलं तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नाही. प्रत्येक वेळी तो नीटच बांधला जाईल आणि प्रत्येक वेळी दाराशीच थांबेल.

तर तपासणीचा क्रम असा ठेवा. चार प्रश्न, याच ओळीत.

```
uname -r
dkms status
mokutil --sb-state
sudo dmesg | grep -iE 'nvidia|lockdown|rejected'
```

पहिला सांगतो कुठला कर्नल चालू आहे. दुसऱ्यात नेमक्या त्याच कर्नलसमोर `installed` आहे का ते बघायचं. नसेल तर पहिलं कुलूप: हेडर फाइली आहेत का बघा, आणि `/var/lib/dkms` खाली `make.log` वाचा. त्या फाइलीत वरून पहिली `error` असलेली ओळ शोधा, शेवटची नव्हे. शेवटची फक्त सांगते की बांधकाम थांबलं. दुसऱ्याचं उत्तर `installed` असेल आणि तिसऱ्याचं `SecureBoot enabled`, तर दुसऱ्या कुलपाचा संशय घ्या, आणि चौथ्यात त्याचा पुरावा शोधा.

डेबियन १२ वर दुसरं कुलूप उघडायची पद्धत सांगतो. तिथला डीकेएमएस स्वतःच किल्लीची एक जोडी बनवतो आणि मॉड्यूलवर तिने सही करतो. उरतं ते एवढंच, की शिमला ती किल्ली ओळखीची करून द्यायची.

```
sudo mokutil --import /var/lib/dkms/mok.pub
sudo reboot
```

पहिली आज्ञा एक पासवर्ड विचारते. हा तुमच्या लॉगिनचा नव्हे, एकदाच वापरायचा आहे, साधा आकड्यांचा ठेवला तरी चालतो. यंत्र पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि कुठलीही कळ दाबायला सांगतो. वेळ थोडा, साधारण दहा सेकंद. इथेच पुष्कळ जण चहा आणायला उठतात! पडदा निघून गेला की किल्ली गेली नाही असं समजा, आणि पहिली आज्ञा पुन्हा द्या. पडदा पकडला तर `Enroll MOK`, मग `Continue`, मग `Yes`, पासवर्ड, आणि `Reboot`. त्यानंतर `mokutil --test-key /var/lib/dkms/mok.pub` ने किल्ली नोंदली गेली का ते कळतं. उबुंटूवर किल्लीची जागा वेगळी, `/var/lib/shim-signed/mok/MOK.der`, आणि ड्रायव्हर टाकतानाच तो पासवर्ड विचारतो. पुढचा निळा पडदा तोच. हे एकदाच करायचं आहे. पुढच्या कर्नलसाठीची मॉड्यूलं त्याच किल्लीने सही होतात.

कुणी विचारेल, फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंदच का करू नये? चालतं, बंद केलं तर दुसरं कुलूप उरतच नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. शेजारी विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर असेल, तर ते पुढच्या वेळी रिकव्हरी किल्ली मागू शकतं. ती हाताशी असल्याशिवाय या सेटिंगला हात लावू नका. आणि दुसरी गोष्ट, जी प्रामाणिकपणे सांगायला हवी: मॉकची किल्ली वापरली तरी संरक्षण पूर्ण नाही. खासगी किल्ली तुमच्याच डिस्कवर पडलेली आहे. ज्याने रूटचा अधिकार मिळवला तो तिने आपल्या दुष्ट मॉड्यूलवरही सही करू शकतो. वितरणाने आपल्या तिजोरीतल्या किल्लीने सही करून दिलेलं तयार मॉड्यूल यापेक्षा बरं. उबुंटू एन्व्हिडियासाठी अशी तयार पॅकेजं देतं, `linux-modules-nvidia` नावाने सुरू होणारी. ती असली की यंत्रावर बांधकाम नाही, मॉक नाही, निळा पडदाही नाही. अट एवढीच की कर्नलही उबुंटूचाच हवा, कारण ही पॅकेजं नेमक्या त्याच कर्नलसाठी बांधलेली असतात.

शेवटचा टप्पा अलीकडचा. मे २०२२ मध्ये एन्व्हिडियाने कर्नल मॉड्यूलचा स्रोत एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याने उघडा केला. ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांसाठी, म्हणजे ज्यांच्यावर स्वतंत्र छोटा प्रोसेसर आहे त्यांच्यासाठी. गाभ्यातलं बरंचसं काम त्या प्रोसेसरवरच्या फर्मवेअरमध्ये गेलं, आणि ते फर्मवेअर अजून बंदच आहे. पण परवान्याचा प्रश्न या मॉड्यूलपुरता मिटला. २०२४ मधली ती `__rcu_read_lock` ची ओळ उघड्या मॉड्यूलला लागू होत नाही.

पण दोन्ही कुलपं तशीच आहेत, हे विसरू नका. उघडं मॉड्यूलही कर्नलच्या मुख्य स्रोताबाहेरच आहे. म्हणून प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते पुन्हा बांधायचंच, आतलं फंक्शन बदललं तर कवच बदलायचंच, आणि तुमच्या यंत्रावर बांधलं तर त्यावर तुमचीच सही लागणार. परवाना उघडा झाला म्हणून पत्ता बदलत नाही. तेव्हा पुढच्या वेळी अपडेटनंतर पडदा धूसर दिसला, तर आधी `uname -r` आणि `dkms status` विचारा, आणि कुठलं कुलूप लागलंय ते ओळखून मगच किल्ली काढा.